कंबर नेमकी कुठे असते?

पाठदुखीच्या रुग्णांसाठी एका फिजिओथेरपिस्ट डॉक्टरबाईंनी इंग्रजीत लिहिलेली अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका माझ्याकडे मराठी करायला आली. थोडी योगासनं, थोडे व्यायाम, प्रत्येक पानावर एक रेखाचित्र. मी बारा वर्षं अनुवाद करते आहे. औषधांसोबतची पत्रकं केली आहेत, विम्याची कलमं केली आहेत. हे काम आठवड्याभराचं, असा हिशेब मी केला होता. अकराव्या पानावर उभं राहून पुढे वाकण्याचा व्यायाम होता आणि त्याच्या एका वाक्यापाशी मी तीन दिवस अडकले.

वाक्य साधं होतं. ‘वेस्ट’मधून वाकू नका, ‘हिप्स’मधून वाका. शब्दकोश उघडला तर वेस्ट म्हणजे कंबर, आणि हिप म्हणजे नितंब, कुल्ला, कंबर. बाजारात मिळणारी योगाची दोनतीन मराठी पुस्तकं चाळली, तर सगळीकडे सरसकट ‘कमरेतून वाका’. म्हणजे माझं वाक्य झालं असतं, ‘कमरेतून वाकू नका, कमरेतून वाका.’

आपण ‘कंबर’ कुठे कुठे म्हणतो ते मग मी कागदावर लिहून काढलं. पट्टा बांधतो ती कंबर, म्हणजे बेंबीच्या पातळीवरचा घेर. कंबर दुखते तेव्हा हात जातो मागे, पाठीच्या खालच्या मणक्यांवर. दवाखान्यात नर्स ‘कमरेवर इंजेक्शन’ म्हणते तेव्हा सुई टोचते ती कुल्ल्यात. बाळाला कडेवर घेतो तिथलं वर आलेलं हाडही कमरेचंच. आजी घसरून पडली आणि ‘कमरेचं हाड मोडलं’ असं घरचे सांगतात, तेव्हा मोडलेलं असतं मांडीच्या हाडाचं वरचं टोक. बरगड्यांच्या खालपासून मांडी सुरू होईपर्यंतचा सगळा मुलूख या एका शब्दाच्या ताब्यात आहे. रोजच्या बोलण्यात त्याने काही अडत नाही, कारण सोबत बोट दाखवलेलं असतं. पुस्तिकेला बोट नसतं.

आणि त्या पानावर नेमका हाच फरक महत्त्वाचा होता. पट्ट्याच्या जागी वाकलं की पाठीचे खालचे मणके पुढे गोलाकार होतात. मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात, त्यांनाच आपण ‘गादी’ म्हणतो. पाठ अशी गोल झाली की चकतीची पुढची कड दाबली जाते आणि आतला मऊ भाग मागच्या बाजूला रेटला जातो. ज्यांची गादी आधीच सरकलेली आहे त्यांना हे नको असतं. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत अशा वयस्कर बायकांनाही नको असतं, कारण त्यांच्या मणक्याची पुढची बाजू अशा वाकण्याने चेपू शकते. याउलट पाठ सरळ ठेवून मांडी आणि धड यांच्या सांध्यातून वाकलं, तर वळतो तो सांधा. मणके जसेच्या तसे राहतात. पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली होती, त्यांना ‘कमरेतून वाका’ हे वाक्य नेमकं चुकीचं वाकायला शिकवणार होतं.

मराठीत या सांध्याला शब्द नाही असं मुळीच नाही. ‘खुबा’ हा अस्सल, वापरातला शब्द आहे. खुब्याचा सांधा बदलला, हे वाक्य आता घराघरांत ऐकू येतं. पण ‘खुब्यातून वाका’ असं वाचून बघितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी कडेला, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाड हाताला लागतं तिथे हात ठेवला आणि बाजूला झुकल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. खुबा बाहेरूनच हाताला लागतो. प्रत्यक्ष सांधा मात्र पुढच्या बाजूने, जांघेच्या मध्यावर, खोल आत असतो.

डॉक्टरबाईंनी फोनवर सुचवलं की बिजागरी म्हणा, इंग्रजीत याला हिंजच म्हणतात. कल्पना छान होती, पण सातवी-आठवीचं विज्ञान आड आलं. शाळेत आपण सगळे शिकलो आहोत की कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे आणि खांदा व खुबा हे उखळीचे. ‘बिजागरीतून वाका’ म्हटलं की शाळा आठवणारा वाचक गुडघे वाकवणार. इंग्रजीत हिंज ही हालचाल आहे, मराठीत बिजागरी हे एका प्रकारच्या सांध्याचं नाव होऊन बसलं आहे.

राहिला संस्कृतचा रस्ता. श्रोणी, कटी, ऊरुसंधी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी हे शब्द नेटके आहेत आणि त्यांच्या पुस्तकात मीही तेच वापरीन. पण गुडघे धरून चटईवर उभ्या असलेल्या माणसाला ‘ऊरुसंधी’ वाचून आपला हात कुठे न्यायचा ते कळत नाही. व्यायामाच्या पुस्तिकेत शब्दाचं काम अर्थ सांगण्याचं कमी आणि हात योग्य जागी पोचवण्याचं जास्त असतं. हे उमगल्यावर मी अवयवाचं नाव शोधणं सोडलं आणि जागा कशी दाखवता येईल ते शोधायला लागले.

काकू अडुसष्ट वर्षांच्या. त्यांचं माहेर कोकणातलं. त्यांना मी हॉलमध्ये उभं केलं आणि चित्र झाकून ठेवलं. “काकू, मी वाचते तसं करायचं. मनाने काही करायचं नाही.” पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, दोन्ही पायांत कमरेइतकं अंतर ठेवा. काकूंनी पदर सारखा केला, स्वतःच्या कमरेकडे एकदा बघितलं आणि पाय चांगले दोन हात फाकवले. “अगं, माझी कंबर काय लहान आहे?” मूळ इंग्रजीत अंतर होतं ते दोन खुब्यांच्या सांध्यांमधलं, म्हणजे बरंच कमी. ते वाक्य मी तिथेच खोडलं आणि लिहिलं, ‘दोन पावलांच्या मध्ये तुमचंच आणखी एक पाऊल मावेल एवढं अंतर ठेवा.’ हे मात्र काकूंना एका झटक्यात जमलं. इथे ‘पाऊल’ हा शब्दही मुद्दाम घेतला. नुसतं ‘पाय’ म्हटलं तर कुल्ल्यापासून बोटांपर्यंत काहीही होऊ शकतं.

मग वाकणं. पुढची सूचना होती ढुंगण मागे ढकलण्याची. हा शब्द मी इथे लिहिला, पण डॉक्टरबाईंच्या पुस्तिकेत तो छापता येत नाही आणि त्याच्या जागी काय घालायचं याचा सोपा तोडगा मराठीत नाही. नितंब म्हटलं की कवितेतल्यासारखं वाटतं. कुल्ले गावात चालतात, शहरात वाचक अवघडतो. पार्श्वभाग पोलिसांच्या पंचनाम्यात शोभतो. बूड म्हटलं तर भांड्याचं की माणसाचं, असा प्रश्न. म्हणूनच तर नर्स कंबर म्हणते. सभ्यतेपायी कंबर खाली सरकली आहे आणि अनुवादकाची निम्मी अडचण त्या सरकण्यातूनच आली आहे. शेवटी मी अवयवाचं नावच घेतलं नाही. ‘मागे खुर्ची आहे आणि तुम्ही तिच्यावर बसायला निघाला आहात, असं समजून मागे सरका.’ बसायला निघाल्यावर काय मागे जातं ते कुणालाही सांगावं लागत नाही.

काकू मागे सरकल्या, धड आपोआप पुढे आलं आणि पाठ सपाट राहिली. वाकलेल्या अवस्थेतच त्या म्हणाल्या, “हे होय! आवणीला आम्ही असंच तर वाकायचो. पाठ गोल करून वाकलं तर दुपारपर्यंत मोडायची.” कोकणात भाताची रोपं चिखलात लावतात त्याला आवणी म्हणतात. जे वाकणं मला तीन दिवस शब्दांत धरता येत नव्हतं, ते काकूंच्या अंगात पन्नास वर्षं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी लिहिलेला मजकूर, थोड्या दुरुस्त्यांनंतर, असा छापला गेला:

‘दोन पावलांच्या मध्ये तुमचंच आणखी एक पाऊल मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. दोन्ही हातांच्या कडा जांघेत, मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या रेषेवर टेकवा. आता मागे खुर्ची आहे असं समजून बसायला जाल तसे मागे सरका. हातांच्या कडा घडीत चिमटल्या जातील. तसं झालं तर तुम्ही बरोबर वाकत आहात. घडी जांघेत न पडता पोटावर, नाडीच्या जागी पडत असेल तर थांबा, उभे राहा आणि पुन्हा सुरुवात करा.’

मुळातल्या दोन ओळींच्या इथे सात-आठ झाल्या. डॉक्टरबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतः उभं राहून करून बघितलं आणि चित्र थोडं लहान करून जागा काढून दिली. हाताची कड हा त्यातला सगळ्यात कामाचा भाग आहे, कारण आपण बरोबर करतो की चूक हे त्यावरून वाचकाला एकट्याने घरी कळतं. ज्यांना एवढ्याने खात्री वाटत नाही त्यांच्यासाठी खाली काठीची खूण दिली आहे. झाडूची सरळ काठी पाठीवर उभी धरायची. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर. वाकताना तिन्हींपैकी एक जागा जरी सुटली तरी पाठ गोल झाली किंवा मान उचलली गेली, असं समजायचं. ‘फरा’ हा शब्द ठेवावा की नाही यावर आमची चर्चा झाली. तरुण मुलांना तो माहीत नसतो, पण खांद्याचं पातं म्हटलं तरी त्यांना कळत नाही. मग एक कळणारा वर्ग तरी हाताशी राहू दे म्हणून फरा ठेवला आणि चित्रात बाण काढला.

गुडघे सैल का, हेही तिथेच सांगावं लागलं. जमिनीवर मांडी घालून बसलो आणि कुल्ल्यांखाली हात सरकवले की दोन टोकदार हाडं हाताला लागतात. मांडीच्या मागचे लांब स्नायू त्या हाडांपासून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली नडगीच्या हाडांना जोडले जातात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे हे स्नायू आखडलेले असतात. गुडघा ताठ ठेवला की ते बसण्याच्या हाडांना खाली धरून ठेवतात, मग खुबा वळत नाही आणि उरलेलं वाकणं पाठीला करावं लागतं. गुडघा सैल सोडला की दोरी ढिली होते. या स्नायूंना इंग्रजीत एक सुटसुटीत नाव आहे. मराठीत मी प्रत्येक वेळी ‘मांडीच्या मागचे स्नायू’ असं लिहिलं. लांबलं, पण ते वाचून आजवर कुणी पोटरीला हात लावलेला नाही.

याच पानावर पुढची ओळ आली: इथे स्ट्रेच जाणवावा, स्ट्रेन नको. मराठीत दोन्हींना ताण. मनावर येतो तोही ताणच. ‘ताण जाणवावा, पण ताण नको’ हे छापून आलेलं मी एका पत्रकात खरोखर पाहिलं आहे.

पण मघाशी जिथे भाषा तोकडी पडली होती, तिथून दोन पावलांवर ती एवढी श्रीमंत निघाली की इंग्रजी मजकूरच मला अपुरा वाटू लागला. अंगाला काय होतं हे सांगायला मराठीत केवढे शब्द आहेत! स्नायू लांब होतो ती ओढ. एकाच स्थितीत थांबून राहिलं की हळूहळू चढते ती रग. वीज गेल्यासारखी क्षणात जाते ती चमक. पाठीत भरते आणि वळू देत नाही ती उसण. आत राहून राहून ठोके देतो तो ठणका. पोटरीत येतो तो गोळा. पायाला येतात त्या मुंग्या. यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो आणि व्यायाम करणाऱ्याला नेमकं तेच वेगळेपण हवं असतं. मुळात जिथे एकाच शब्दाने वेदना म्हटलं होतं, तिथे डॉक्टरबाईंना विचारून मी वेगवेगळ्या ओळी केल्या. मांडीच्या मागे ओढ जाणवली तर ठीक. रग लागली तर श्वास चालू ठेवून सावकाश उभे राहा, उद्या पुन्हा करा. पाठीत उसण भरली तर त्या दिवशी हा व्यायाम बंद. कुल्ल्यापासून पायात खाली चमक उतरली किंवा पावलाला मुंग्या आल्या, तर हा व्यायाम सोडून द्या आणि डॉक्टरांना दाखवा, कारण ते नस दबल्याचं लक्षण असू शकतं. इंग्रजी पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत हा भाग मराठीवरून घ्यायचा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत.

आसनांच्या नावांची गोष्ट वेगळी. तिथे शब्द नाही अशी तक्रार नसते, एका नावाचे दोन-तीन मालक असतात. लोकांना वाटतं की नावं संस्कृत आहेत, म्हणजे मराठीत जशीच्या तशी ठेवायची. इंग्रजी पुस्तिकेत पाचव्या पानावर ‘पर्वताची स्थिती’ होती, हात बाजूला सोडून ताठ उभं राहण्याची. भोळेपणाने त्याचं पर्वतासन केलं असतं तर? अय्यंगारांच्या 1966 मधल्या ‘लाइट ऑन योग’मध्ये पर्वतासन हे पद्मासनात बसून हात वर ताणण्याचं आसन आहे. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या परंपरेत सूर्यनमस्कारातली ती कुल्ले वर उचललेली स्थिती म्हणजे पर्वतासन, जिला अय्यंगार अधोमुख श्वानासन म्हणतात. आणि नुसतं ताठ उभं राहणं हे अय्यंगारांचं ताडासन. पण ताडासन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना ताडाचं झाड आठवतं, ते हात वर नेऊन टाचा उचलतात. मुंगेरच्या पद्धतीत आणि 21 जूनच्या योगदिनासाठीच्या सरकारी अभ्यासक्रमातही ताडासन तसंच आहे. तोल जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सुरुवातीलाच टाचा उचलायला लावणं मला परवडणारं नव्हतं.

खुर्चीच्या स्थितीचं तर उत्कटासन होतं. घेरंडसंहितेतलं उत्कटासन वेगळं आहे, त्यात अंगठ्यांवर उकिडवं बसून टाचा अधांतरी ठेवायच्या असतात. व्यायामशाळेत वाढलेल्या वाचकासाठी ‘बैठक मारा’ लिहावं, तर आखाड्याच्या बैठकीतही खाली जाताना टाचा उचलतात. गुडघेदुखीवाल्याच्या टाचा जमिनीवरच हव्या होत्या.

अकराव्या पानावरच्या आमच्या वाकण्याला कुणी उत्तानासन म्हणतं, कुणी पादहस्तासन, कुणी हस्तपादासन. त्यातलं ‘उत्तान’ वाचून काकूंनी विचारलं, “उताणं झोपायचं का?” प्रश्न रास्त होता. मराठीत उताणा म्हणजे पाठीवर पडलेला. संस्कृतात त्या शब्दाला तोही अर्थ आहे आणि ताणण्याचाही. शिवाय पादहस्तासन म्हटलं की पायाला हात लागलेच पाहिजेत असं वाटून माणूस झटका देतो, आणि आम्हाला तर पाठ जमिनीला समांतर झाली की थांबायचं होतं. म्हणून शीर्षकात आसनाचं नावच ठेवलं नाही. मोठ्या टाइपात ‘उभं राहून अर्धं वाकणं’ आणि त्याखाली बारीक टाइपात, ‘अर्ध उत्तानासनासारखं’. शेवटच्या पानावर एक तक्ता दिला: आमचं नाव, वर्गात ऐकू येऊ शकतील अशी इतर नावं आणि टाचा जमिनीवर की वर. संस्कृत नावांवर प्रेम असणाऱ्या एका शिक्षकांना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं मला समजतं, नावात परंपरा असते. पण त्यांच्या वर्गात ते स्वतः समोर उभे असतात, माझा वाचक घरी एकटा असतो.

दुसऱ्या आवृत्तीचं काम आता चालू आहे आणि तेविसावं पान अजून माझ्या मनासारखं झालेलं नाही. तिथे इंग्रजीत ‘कोअर’ आवळायला सांगितलं आहे. पोट, पाठ आणि ओटीपोटाचा तळ असा सगळा वेढा त्यात येतो. पहिल्या आवृत्तीत मी ‘पोट आत घ्या’ असं लिहिलं. वाचक फोटो काढताना घेतात तसं पोट आत घेतात आणि श्वास कोंडून धरतात. रक्तदाब असलेल्यांसाठी ते वाईट. ‘पोट आवळा’ करून बघितलं, तरी श्वास थांबतोच. गेल्या आठवड्यात नवी ओळ घेऊन काकूंकडे गेले. दोन्ही हात कमरेच्या बाजूंना, म्हणजे खरोखरच्या कमरेला, बरगड्यांच्या खाली दाबून ठेवा. एकदा हलकं खोका. खोकताना हाताखाली जे घट्ट झालं तेवढंच घट्ट ठेवा आणि मोठ्याने पाचपर्यंत आकडे मोजा. मोजता आले म्हणजे श्वास चालू आहे.

काकू खोकल्या, हात दाबले आणि मोजायला लागल्या. तीनपर्यंत आवाज नीट होता. चारला हाताखालचं सैल पडलं, ते त्यांनाच कळलं, आणि त्या म्हणाल्या, “थांब, परत एकपासून घेते.”